महिन्यातून दोनदा



पत्रिकेत आजचा विषय ‘स्त्री-आरोग्य : काही विचार’ असा छापलाय. तो आयोजकांचा संकोच आहे, माझा नाही. मी पाळीवर बोलणार आहे. दवाखान्यात गेलात की केसपेपरवर डॉक्टर घाईघाईत एखादा शब्द लिहितात, मेनोरेजिया, पॉलिमेनोरिया, ऑलिगोमेनोरिया, इंटरमेन्स्ट्रुअल ब्लीडिंग. तो कागद घडी घालून पिशवीत जातो आणि घरी कुणी विचारलं तर बाई सांगते, “मले मेनोरेजिया निंगाला.” जणू आतून काही सापडलंच. सापडलेलं काहीच नसतं. बाईने जे सांगितलं तेच डॉक्टरांनी ग्रीक भाषेत लिहून परत दिलेलं असतं.

ताप हे जसं दुखण्याचं नाव नाही, तसेच हे शब्द. ताप मलेरियाने येतो, टायफॉईडने येतो, साध्या सर्दीनेही येतो. ऑलिगोमेनोरिया म्हणजे पाळी फार लांबते. पॉलिमेनोरिया म्हणजे फार लवकर येते. मेनोरेजिया म्हणजे रक्त फार जातं किंवा फार दिवस जातं. इंटरमेन्स्ट्रुअल ब्लीडिंग म्हणजे दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसतं. का, ते यातला एकही शब्द सांगत नाही. मात्र कारण कुठे शोधायचं त्याची दिशा प्रत्येक शब्द दाखवतो, आणि चारही दिशा वेगळ्या आहेत. म्हणून शब्द चुकला की तपासणी चुकते, आणि तपासणी चुकली की कधी कधी धडधाकट पिशवी काढली जाते.

आधी मोजमाप बघू. पाळी मोजायची ती पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. इथेच पहिला घोळ होतो. बाई म्हणते, “पाळी गेली की वीस दिवसांत पुन्हा हजर.” ती रक्त थांबल्यापासून मोजत असते. सहा दिवस रक्त गेलं आणि मग वीस दिवस कोरडे गेले, तर चक्र सव्वीस दिवसांचं झालं, म्हणजे अगदी व्यवस्थित. दुसरी म्हणते, “दर महिन्याले दोन-तीन दिवस अलीकडे सरकते.” तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची असते. महिना तीस-एकतीस दिवसांचा असल्यामुळे तारीख मागे मागे येणारच. आमच्या जुन्या बाया तिथीवर हिशेब ठेवत, एकादशीला आली, पौर्णिमेला आली असा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे त्यांच्या हिशेबात पाळी फारशी सरकत नसे. तारखा वापरायला लागल्यापासून ही तक्रार वाढली की काय, असं मला कधी कधी वाटतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांची फिगो नावाची जागतिक संघटना आहे. तिने 2018 मध्ये सुधारून ठरवलेल्या मापांनुसार चक्र 24 ते 38 दिवसांचं असेल तर ते नेहमीचं. रक्त आठ दिवसांपर्यंत गेलं तर चालतं. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या चक्रात आठवड्याभराचा फरक असला तरी पाळी नियमितच समजायची, आणि अगदी तरुण वयात किंवा चाळिशीनंतर त्यात दोन दिवस आणखी धरायचे. जुन्या पुस्तकांत 21 ते 35 दिवस लिहिलेले असत, त्यामुळे एकाच बाईला एक डॉक्टर ऑलिगोमेनोरिया म्हणे आणि दुसरा काही नाही म्हणे. हे शब्द जगभर इतक्या वेगवेगळ्या अर्थाने वापरले जात होते की 2005 मध्ये वॉशिंग्टनला जमलेल्या तज्ज्ञांनी ते सोडूनच द्यायचं ठरवलं. साध्या भाषेत लिहा, म्हणाले : वारंवार, क्वचित, जास्त, लांबलेली, मधली. आपल्याकडच्या केसपेपरांवर मात्र ते अजून ठाण मांडून आहेत, म्हणून ते समजून घेणं भाग आहे.

आता ज्या वाक्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. सेलू असो, देवळी असो की समुद्रपूर, ओपीडीत बाई स्टुलावर बसते, पदर सावरते आणि हळूच म्हणते, “बाई, मले महिन्यातून दोनदा येते जी.” या एका वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. ते तारखांनिशी दाखवते.

पहिल्या बाईच्या तारखा अशा : 1 जून, 29 जून, 27 जुलै, 24 ऑगस्ट. जूनमध्ये दोनदा आली हे खरंच आहे. पण मोजून पाहा, प्रत्येक वेळी बरोबर अठ्ठावीस दिवस. जूनच्या दोन्ही टोकांना पाळी आली एवढंच. हिला काहीही झालेलं नाही. हिला गोळ्या देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि गोळ्या घेतल्याने पाळी बिघडलेल्या बायाही.

दुसरीच्या तारखा : 3 जून, 22 जून, 12 जुलै, 31 जुलै, 19 ऑगस्ट. एकोणीस, वीस, एकोणीस, एकोणीस. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस रक्त, प्रत्येक वेळी नेहमीइतकंच, आणि येण्याआधी कंबर दुखणं, छाती जड होणं हेही ठरलेलं. ही खरी पॉलिमेनोरिया. पाळी पाळीसारखीच आहे, फक्त घाईने येते.

तिसरीच्या तारखा : 3 जूनला पाळी, पाच दिवस. मग 15 आणि 16 जूनला परकराला डाग. 1 जुलैला पाळी. 10 जुलैला पुन्हा डाग, कापड घ्यावं लागेल इतका. 29 जुलैला पाळी. ऑगस्टमध्ये 8 आणि 21 तारखेला डाग. आता मधले डाग बाजूला ठेवून फक्त खऱ्या पाळ्या मोजा : 3 जून ते 1 जुलै अठ्ठावीस दिवस, 1 जुलै ते 29 जुलै अठ्ठावीस दिवस. पाळीचा ठेका जिथल्या तिथे आहे आणि मधे मधे दुसरीकडून रक्त येतंय. हे इंटरमेन्स्ट्रुअल ब्लीडिंग. वाक्य एकच, पण दुसरीच्या बाबतीत मी अंडाशयाचा, थायरॉईडचा, वयाचा विचार करते आणि तिसरीला आधी टेबलावर घेऊन गर्भाशयाचं तोंड बघते.

यातली दुसरी, म्हणजे पॉलिमेनोरिया, बहुतेकदा बीज नीट न सुटण्याशी किंवा बीज लवकर सुटण्याशी जोडलेली असते. मुलीला पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आणि चाळिशी ओलांडल्यानंतरची वर्षं, या दोन टोकांना ती जास्त दिसते. चाळिशीत चक्राचा पहिला भाग, म्हणजे पाळीपासून बीज सुटण्यापर्यंतचा काळ, आखूड होतो, आणि अठ्ठावीसची पाळी चोवीस-तेवीसवर येते. थायरॉईड बिघडलेलं असलं तरी असं होऊ शकतं. जिवाला धोका असण्याचा संभव कमी, पण अंगातलं रक्त मात्र हळूहळू संपतं. हिशेब सोपा आहे. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीने वर्षात तेरा पाळ्या होतात, एकोणीस दिवसांच्या पाळीने एकोणीस. प्रत्येक वेळी 50 मिलिलीटर रक्त धरलं तर एकीचं वर्षाला 650 मिलिलीटर जातं आणि दुसरीचं 950. निरोगी बाईच्या एक मिलिलीटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे दुसरीला दीडशे मिलिग्रॅम लोह जास्त कमवावं लागतं. आपल्या भाकरी-वरणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया ॲनिमियाच्या निघाल्या. तेव्हा पॉलिमेनोरिया म्हटलं की हिमोग्लोबिन तपासलंच पाहिजे. आपल्या विदर्भात त्याबरोबर सिकलसेलचीही तपासणी करावी, नाहीतर सगळा दोष पाळीवर टाकून मोकळं होण्याची सवय लागते.

मधल्या रक्ताबद्दल, म्हणजे तिसऱ्या बाईबद्दल, मला जरा जास्त बोलायचंय. कारण चारांपैकी हाच शब्द सगळ्यात सौम्य वाटतो आणि ‘डागच तर आहे’ म्हणून घरी बसवला जातो. काही डाग निरुपद्रवी असतातच. दर वेळी चक्राच्या ऐन मध्यावर, तेराव्या-चौदाव्या दिवशी, एक-दोन दिवस फिकट डाग पडत असेल तर तो बीज सुटतानाचा असू शकतो. पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्यावरचे पहिले दोन-तीन महिने, किंवा मधे गोळी चुकली तरी डाग पडतो. अंतराचं इंजेक्शन घेतलेल्या बायांत तर अवेळी डाग ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. तांबी बसवली असेल तर पाळी जास्त जाते आणि मधेही दिसते. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा : काही घेता का, काही बसवलंय का? नवऱ्यासमोर या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा खोटं मिळतं. त्याला बाहेर चहाला पाठवून मग विचारावं.

हे काहीच नसेल तर गर्भाशयाच्या तोंडाकडे बघावं लागतं. तिथे सूज असते, जंतुसंसर्ग असतो, लोंबणारी मऊ गाठ म्हणजे पॉलिप असतो, आणि कधी कॅन्सरही असतो. संबंधानंतर रक्त दिसतं का, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. लाजिरवाणा आहे, पण त्याचं ‘हाव’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी. स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून तोंड डोळ्यांनी पाहायला पाच मिनिटं लागत नाहीत. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी ठरलेली आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. पोटाची सोनोग्राफी ही त्या पाहण्याची जागा घेत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गर्भाशयाचं तोंड न बघताच सहा महिने गोळ्या खाणारी बाई ही माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातली सगळ्यात मोठी हानी आहे.

याला आपल्याच भागातला दाखला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी, वर्ध्यातलं काम आटोपून गडचिरोलीला गेल्यावर, तिथल्या दोन खेड्यांत 650 बायांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. 92 टक्के बायांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. पुष्कळ जणी या दुखण्यांना दुखणं समजतच नव्हत्या. अंगावरून पांढरं जातं, लाल जातं, हे बाईच्या जातीला असायचंच, अशी धारणा होती. पस्तीस वर्षं उलटली तरी ती धारणा माझ्या स्टुलावर रोज येऊन बसते.

आता मेनोरेजिया. रक्त जास्त जातं म्हणजे किती? पुस्तकी उत्तर आहे : एका पाळीत 80 मिलिलीटरपेक्षा जास्त. हा आकडा स्वीडनमधून आला. हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात बायांचे वापरलेले पॅड गोळा करून त्यातलं रक्त रसायनाने मोजलं, आणि या पातळीपुढे ॲनिमिया वाढतो असं त्यांना दिसलं. पण आपल्या दवाखान्यात कुणी पॅड घेऊन येत नाही आणि कुणी मोजत नाही. शिवाय 60 मिलिलीटर जाणारी बाई बेजार असू शकते आणि 100 मिलिलीटर जाणारी खुशाल वेचणीला जाते. म्हणून आता मानतात की रक्त जाण्याने बाईचं रोजचं जगणं अडत असेल तर ते जास्तच.

तरी खुणा लागतातच, म्हणून मी या विचारते. दर तास-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावं लागतं का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? साडीला डाग पडेल म्हणून एसटीत बसायचं, वेचणीला जायचं टाळता का? आठ दिवसांच्या पुढे जातं का? यातल्या एक-दोन गोष्टींना ‘हो’ आलं तर मिलिलीटरचा हिशेब करायची गरज उरत नाही. कापड वापरणाऱ्या बाईला पॅडची संख्या विचारून उपयोग नाही. ती म्हणेल दोन, कारण दोनच कापडं आहेत. तिला विचारायचं की धुवायला किती वेळा उठता.

कारणांची यादी मोठी आहे, पण ती दोन गठ्ठ्यांत ठेवली की डोक्यात बसते. फिगोच्या 2011 च्या वर्गीकरणाचा गाभाच हा आहे. एका गठ्ठ्यात गर्भाशयात डोळ्यांना किंवा सोनोग्राफीला दिसणाऱ्या गोष्टी : पॉलिप, फायब्रॉईडची गाठ, अस्तर स्नायूत शिरून पिशवी जाड होणं ज्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि अस्तराची वाढ किंवा कॅन्सर. दुसऱ्या गठ्ठ्यात न दिसणाऱ्या : रक्त नीट न गोठणं, बीज न सुटणं, खुद्द अस्तराचा बिघाड, आणि आम्हीच दिलेली औषधं किंवा बसवलेली साधनं. एका बाईत दोन्ही गठ्ठ्यांतलं काही एकदम असू शकतं, हे विसरायचं नाही. आणि सोनोग्राफीत एक लहानशी गाठ दिसली म्हणजे रक्त तिच्यामुळेच जातंय असंही नाही. पिशवीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या गाठीचा रक्तस्रावाशी फारसा संबंध नसतो. आतल्या अस्तराला धक्का देणारी गाठ छोटी असली तरी त्रास देते. रिपोर्टवर गाठीच्या मापापेक्षा तिची जागा आधी वाचावी.

पहिल्याच पाळीपासून रक्त धो धो जाणारी मुलगी असेल तर तिला वेगळ्या नजरेने बघायचं. बारा-तेराव्या वर्षी पिशवीत गाठ सहसा नसते. तिथे रक्त गोठण्याचा दोष शोधतात, त्यातला सगळ्यात नेहमीचा म्हणजे फॉन विलिब्रांड नावाचा. नाकातून वारंवार रक्त येतं का, दात काढल्यावर थांबत नव्हतं का, आईचीही पाळी अशीच होती का, हे तीन प्रश्न पुष्कळदा महागड्या तपासणीपेक्षा आधी दिशा देतात.

आता एक बाई उभी करते. दोन-तीन जणींच्या हकिकती एकत्र केल्या आहेत, ओळख कुणाचीच लागणार नाही. वय बेचाळीस, दोन लेकरं, दहा वर्षांपूर्वी नसबंदी झालेली, दोन एकर कापूस. तक्रार तीच : महिन्यातून दोनदा, आणि गाठी पडतात. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन. हातात कुठल्याशा दवाखान्याचा कागद, त्यावर ‘मेनोरेजिया’ आणि खाली पिशवी काढण्याचा सल्ला. सोनोग्राफीचा खर्च टाळण्यासाठी ती थेट शस्त्रक्रियेलाच तयार होऊन आली होती. मी तिला भिंतीवरच्या कालनिर्णयाचं काम दिलं. पाळीच्या दिवसाला गोल, जास्त गेलं त्या दिवशी गोल भरायचा, मधे डाग दिसला तर फुली. लोहाच्या गोळ्या चालू केल्या. पण तपासणी तिथल्या तिथे केली, कारण बेचाळिशीत मधल्या रक्ताला तीन महिने थांबवून ठेवायचं नसतं. स्पेक्युलम घातलं तर गर्भाशयाच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढा लालसर पॉलिप डोकावत होता. तो काढला, तपासणीला पाठवला, साधा निघाला. चाळिशी ओलांडली होती म्हणून अस्तराचा तुकडाही तपासून घेतला. त्यात कॅन्सर नव्हता.

तीन महिन्यांनी तिने कॅलेंडरची पानं फाडून आणली. फुल्या पार गेल्या होत्या. म्हणजे मधलं रक्त पॉलिपचं होतं. पण गोल तसेच राहिले : सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी पाळी, आठ-नऊ दिवस, त्यातले तीन दिवस काळेकुट्ट भरलेले. महिन्यातून दोनदा हे आता राहिलं नव्हतं, जास्त जाणं राहिलं होतं. ही दोन दुखणी होती आणि त्यांना एका शब्दात गुंडाळलं होतं. सोनोग्राफी केली तर पिशवी थोडी मोठी आणि मागची भिंत जाड, ॲडिनोमायोसिस. त्यावर पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आणि पुढे हार्मोन सोडणारी तांबी. साध्या तांबीने रक्त वाढतं, या तांबीने ते कमी होतं. नाव सारखं असल्यामुळे बायांना हे पटवायला वेळ लागतो. गोळ्यांआधी विचारायचं ते मुख्यतः हे की पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली होती का. झाली असेल तर त्या गोळ्या देत नाहीत. वर्षभरात हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं. पिशवी अजून तिच्याच पोटात आहे.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, औषधांनी भागत नसेल, मोठ्या गाठींनी पोट भरलं असेल तर ती काढावी लागते आणि त्यानंतर बाई सुटकेचा श्वास घेते. पण बीडमधल्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला तो आठवा. कामाचा दिवस बुडू नये म्हणून, किंवा कॅन्सरची भीती घातल्यामुळे, तरण्या बायांच्या पिशव्या गेल्या. त्याबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर बाई तिशीतच पाळी गेल्याच्या वयात ढकलली जाते आणि हाडं ठिसूळ होत जातात. म्हणून पिशवी काढा असं कुणी म्हटलं की त्यांना आधी तीन प्रश्न विचारा. रक्त नेमकं कशाने जातंय? अस्तराचा तुकडा आणि गर्भाशयाचं तोंड तपासलं का? औषध किती महिने देऊन पाहिलं? उत्तर ‘मेनोरेजियामुळे’ असं आलं तर समजा की उत्तर मिळालेलंच नाही.

ऑलिगोमेनोरियाबद्दल आज मी थोडक्यात बोलते, कारण त्यावर पेपरांत रकाने भरून येतं आणि बहुतेक भर पीसीओएसवर असतो. अडतीस दिवसांहून लांबणारी पाळी म्हणजे ऑलिगोमेनोरिया. पहिली तपासणी लघवीची, गरोदरपणाची, वय काहीही असो आणि आई काहीही म्हणो. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबणं हे नैसर्गिक आहे. छाया गोळी घेणाऱ्या बाईची पाळीही लांबते, कारण त्या गोळीचा तो ठाऊक असलेला परिणाम आहे; ती बाई मात्र घाबरून पोटुशी झाले म्हणून येते. मुलीला पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली नसतील तर पंचेचाळीस दिवसांपर्यंतचं चक्रही चालतं. एवढ्या मुलीची सोनोग्राफी करून ‘पीसीओ’ असा शिक्का मारू नये, कारण त्या वयात बऱ्याच निरोगी मुलींच्या अंडाशयातही तसंच चित्र दिसतं. बाकीच्यांत थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एकदम घटलेलं किंवा वाढलेलं वजन, आणि हो, पीसीओएस हे बघायचं.

पाळी आली नाही तर बरंच, डोकेदुखी नाही, असं पुष्कळ मुली म्हणतात. त्यांना एक गोष्ट सांगायची राहते. बीज सुटलं नाही की अस्तर वाढत राहतं, कारण त्याला थोपवणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. तीन-चार महिन्यांनी ते कोसळतं आणि मग पंधरा-वीस दिवस रक्त थांबत नाही. म्हणजे ऑलिगोमेनोरियाच्या शेवटी मेनोरेजिया येतो आणि बाई दोन वेगळ्या तक्रारी घेऊन दोन वेगळ्या दवाखान्यांत फिरते. असं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तरात कॅन्सरकडे नेणारे बदल होण्याचा धोका वाढतो. म्हणून तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी आली नाही, आणि पोट नाही, अंगावर पाजणं नाही, गोळी-इंजेक्शन नाही, तर दाखवायला जावं.

शेवटी एक रक्त राहिलं, ज्याला आज घेतलेल्या चारांपैकी एकही शब्द लागत नाही. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर डाग दिसला. बायका म्हणतात, “परत सुरू झाली की काय!” आणि शेजारपाजारचे हसतात. बारा महिने पाळी पूर्ण बंद राहिल्यावर आलेलं रक्त ही पाळी नसते. बहुतेक वेळा आतली त्वचा सुकल्यामुळे ते येतं, पण काही जणींत ती अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण असते, आणि तो लवकर सापडला तर पुरता बरा होऊ शकतो. इथे एक थेंबही मोजायचा. पुढची एकादशी, वेचणी, लग्नसराई काही न बघता त्या आठवड्यातच सेवाग्राम, सावंगी किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं आणि खिडकीवर नुसतं ‘अंगावरून जातं’ असं न सांगता, पाळी किती साली गेली आणि रक्त कोणत्या तारखेला दिसलं, हे दोन आकडे सांगायचे.